तळटीपवाले सेन्सेई

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की लग्नपत्रिकेचा मसुदा छापायला जाण्याआधी त्यांच्या दारावरून न्यावा लागतो. ते पत्रिका उजेडाकडे धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि ‘आशीर्वाद’मधल्या ‘शी’वर बोट ठेवून यजमानांकडे दुःखाने बघतात. यजमानांना हॉलचं भाडं, केटररचा ॲडव्हान्स आणि रुसलेल्या मेहुण्यांची समजूत यांतून त्या ‘शी’ची वेलांटी दिसत नाही. ते “हो हो, बदलतो” म्हणतात आणि बदलत नाहीत. पत्रिका छापून येते. गृहस्थ लग्नाला जातात, जेवतात, पण आशीर्वाद मात्र मनात नीट दीर्घ करून देतात.

आमच्या इमारतीतले असे गृहस्थ म्हणजे सेन्सेई. भोसरीतल्या एका कारखान्यात ते आयुष्यभर नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला धाडलं, आणि तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले: एक टॉर्क रेंच आणि एक जाणीव. टॉर्क रेंच कारखान्याने परत मागून घेतला. जाणीव त्यांच्याकडेच राहिली. ती अशी, की पृथ्वीवर अशी एक भाषा आहे जिच्यात र्‍हस्वाचं दीर्घ केलं तर अर्थ बदलतो, आणि बदललेला अर्थ समोरच्याला लगेच कळतो.

मराठी माणसाला याचं महत्त्व सांगून पटत नाही, कारण आपण ‘पाणि’ लिहिलं काय नि ‘पाणी’ लिहिलं काय, तहान तेवढीच भागते. जपानीत मात्र ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्याच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. बोलताना जीभ एक मात्रा जास्त रेंगाळली, की समोरच्या बाई वीस वर्षांनी म्हाताऱ्या होतात आणि त्याप्रमाणे वागायलाही लागतात. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीऽरु’ म्हणजे बिअर. हॉटेलात बसून घाईने इमारत मागवलेले कित्येक भारतीय अभियंते सेन्सेईंनी स्वतः पाहिले आहेत. ज्या माणसाने अर्धं आयुष्य वेलांट्यांसाठी अपमान सोसला, त्याला हे सगळं न्यायालयाने उशिरा का होईना आपल्या बाजूने निकाल द्यावा तसं वाटलं.

परत आल्यावर त्यांनी जपानीची परीक्षा दिली. त्या वेळी तिच्या चारच पायऱ्या होत्या. पाच पायऱ्या 2010 साली झाल्या. सेन्सेई जुनी तिसरी पायरी उत्तीर्ण आहेत आणि ‘जुनी’ या शब्दावर ते तुपाच्या जाहिरातीइतका जोर देतात. या परीक्षेत पर्यायांपुढचे गोल रंगवायचे असतात, वाचायचं असतं, ऐकायचं असतं. बोलायचं नसतं. म्हणजे ज्या परीक्षेच्या जोरावर आमच्या इमारतीत सेन्सेई उच्चारांचे अधिकारी झाले, तिच्यात तोंड उघडायला मनाई आहे. हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं तर ते शांतपणे म्हणतात, “म्हणूनच उच्चार निर्मळ राहिले.”

आणि ‘सेन्सेई’ हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. स्वतःला ‘सेन्सेई’ म्हणवणं जपानीत शोभत नाही, तसंच स्वतःच्या नावापुढे ‘सान’ लावणंही चालत नाही. ‘सान’ नेहमी दुसऱ्याला. हे ते इतक्या वेळा सांगतात, की लोक कंटाळून त्यांना सेन्सेई म्हणायला लागले.

अशा या सेन्सेईंकडे मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावरचे चिरंजीव आले. चिरंजीव काही वर्षं नागोयाला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. कचेरीत सगळा व्यवहार इंग्रजीत, दुकानात बोट दाखवून, आणि बाकीचं सगळं तिथल्या एका जपानी मित्राच्या भरवशावर. त्या मित्राचं आता लग्न ठरलं होतं. मित्राने कळवलं होतं, की चार शब्द तू बोल आणि ग्लास उंचावून सगळ्यांना सुरुवात करून दे.

“काका, एक मिनिटाचं भाषण आहे,” चिरंजीव म्हणाले. “सोपंच हवं. फक्त मला वाचता येईल असं देवनागरीत लिहून द्या, आणि उच्चाराचं काय ते बाजूला टिपून ठेवा.”

‘उच्चाराचं काय ते टिपून ठेवा’ हे वाक्य सेन्सेईंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपणहून म्हटलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

पहिला प्रश्न त्यांनी फार जाणकारीने विचारला. “हिरोऽएन की निजिकाइ?” चिरंजीवांना वाटलं, हे जेवणाचे प्रकार असावेत. मग सेन्सेईंनी समजावलं. हिरोऽएन म्हणजे मुख्य स्वागतसमारंभ. तिथे आधी मोठ्या हुद्द्याचे पाहुणे बोलतात, मग ग्लास उंचावण्याचा मानही कुणातरी वडीलधाऱ्याला किंवा साहेबाला जातो, आणि मित्राचं भाषण नंतर, लोकांच्या पोटात काहीतरी गेल्यावर होतं. निजिकाइ म्हणजे त्यानंतरची दुसरी बैठक. ती एखाद्या रेस्तराँत, मित्रमंडळींची, ठरावीक वर्गणी भरून. तिथे मित्राने ग्लास उंचावून सुरुवात करून दिली तरी चालतं. चिरंजीवांचं निमंत्रण निजिकाइचं निघालं.

“म्हणजे लोक उभे असणार,” सेन्सेई म्हणाले. “हातात भरलेले ग्लास असणार. तू बोलशील तोवर कुणी घोट घेणार नाही. बिअरवरचा फेस बसायच्या आत खाली उतरायचं. एक मिनिट म्हणजे एकच मिनिट.”

चिरंजीवांच्या आई सोबत आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “भरलेले म्हणजे कशाने?”

“उऽरोन-चा घेता येतो,” सेन्सेईंनी धीर दिला. “चहाच आहे. न पिणारे तोच उंचावतात, कुणी काही म्हणत नाही. बर्फ घालून देतात.”

“चहात बर्फ?” आईंना बिअर बरी वाटायला लागली असावी, असा त्यांचा चेहरा झाला.

चिरंजीवांनी आपला कच्चा मसुदा पुढे ठेवला. तो त्यांनी मराठीत विचार करून, शब्दकोशात बघून केला होता, आणि त्याची सुरुवात कुठल्याही सुशील मराठी मुलाने केली असती तशीच होती: या मित्राने मला वेळोवेळी मदत केली, नाना तऱ्हेने सांभाळून घेतलं, आता मी भारतात परतलो आहे, आमची वाट वेगळी झाली, तरी तुम्ही दोघं पुन्हा पुन्हा भेटा, शेवटी एवढंच सांगतो, की सुखी राहा.

सेन्सेईंनी लाल पेन काढलं आणि एखाद्या वैद्याने नाडी बघून मान हलवावी तशी मान हलवली.

लग्नात बोलू नयेत अशा शब्दांची जपानीत यादी असते. कापणं, तुटणं, फुटणं, वेगळं होणं, परतणं, संपणं हे सगळे शब्द वर्ज्य. केक ‘कापत’ नाहीत, केकमध्ये ‘सुरी घालतात’. समारंभ ‘संपत’ नाही, ‘उघडतो’. सूत्रसंचालक सरळ सांगतो, की आता आपण उघडू या, आणि लोक कोट घालायला लागतात. ‘शेवटी’ म्हणायचं नसतं. म्हणायचं, ‘गाठ बांधताना’. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. दुकान बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. आणि निघालेला पाहुणा “येतो” म्हणतो. त्यामुळे चिरंजीवांच्या आईंना या यादीत नवल वाटेना. त्या म्हणाल्या, “बरोबरच आहे. लग्नघरात असलं बोलतात का कुणी?” जपानबद्दलचं त्यांचं मत बर्फाच्या चहानंतर प्रथमच सावरलं.

पण यादीचा दुसरा भाग मराठी माणसाच्या मुळावर येणारा होता. जोडून येणारे शब्द वर्ज्य. पुन्हा पुन्हा, वेळोवेळी, नाना तऱ्हेने, अधिकाधिक अशांसाठी जपानीत जे द्विरुक्त शब्द आहेत, ते लग्नात नको, कारण त्यांतून गोष्ट दुसऱ्यांदा घडते, आणि लग्न दुसऱ्यांदा घडू नये. नुसतं ‘माता’, म्हणजे ‘पुन्हा’, तेही नको. चिरंजीवांच्या मसुद्यात तिसऱ्या वाक्यात नवरा घर सोडत होता, चौथ्यात मित्राचं लग्न मोडत होतं आणि पाचव्यात त्याचं दुसरं लग्न लागत होतं. “एका मिनिटात एवढं आमच्या मालिकांतसुद्धा घडत नाही,” सेन्सेई म्हणाले.

हल्लीची तरुण मंडळी हे इतक्या कडकपणे पाळत नाहीत, असं चिरंजीवांनी सुचवून पाहिलं. सेन्सेई म्हणाले, “तरुण मंडळी पाळत नसतील. पण नवरीची आत्या पाळत असते. आणि आत्या निजिकाइला नसली तरी व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचतो.” पुढे व्हिडिओ कुठवर पोचणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

मसुद्यातलं एक वाक्य मात्र सेन्सेईंना आवडलं. चिरंजीव नागोयात नवीन असताना मित्राने त्यांना कचरा टाकायला शिकवलं होतं. जपानात कचरा हा गंभीर विषय आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर ती तिथेच राहते, वर चिठ्ठी चिकटते आणि आळीत नाव होतं. ज्याने हे शिकवलं तो खरा मित्र. “हे ठेवू,” सेन्सेई म्हणाले. “स्तुती सगळेच करतात. कचऱ्याची आठवण तुझ्या एकट्याची आहे.”

पण ते लिहायचं कसं? कचरा ‘वेगळा करायची’ पद्धत शिकवली म्हणावं, तर ‘वेगळं करणं’ यादीत पहिल्या ओळीत. कचरा ‘बाहेर काढायची’ पद्धत शिकवली म्हणावं, तर लग्नात बाहेर काढण्याच्या गोष्टी शोभत नाहीत. संध्याकाळभर त्या कचऱ्याने सेन्सेईंच्या घरात मुक्काम केला. रात्री दहाच्या सुमारास जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकू आला, “सापडलं! कचऱ्याचा दिवस!” गोमि नो हि. त्याने मला कचऱ्याचा दिवस शिकवला. दिवस शुभ असतो. दिवस तुटत नाही, फुटत नाही, बाहेर जात नाही. इमारतीतल्या बऱ्याच जणांना वाटलं की घंटागाडीची वेळ बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बादल्या उगाच खाली आल्या.

शेवटी भाषण उतरलं ते असं. निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात:

मिनासान्, कोंबान्वा. 
गोकेक्कोन्, ओमेदेतोऽ गोज़ाइमास्. 
शिन्रोऽ नो यूऽजिन् नो (तुझं नाव) देस्. इन्दो कारा किमाश्ता. 
अमुक-कुन् वा, इच़ुमो यासाशीऽ देस्. 
वाताशि नि, गोमि नो हि ओ ओशिएते कुरेमाश्ता. 
ओफुतारि दे, इन्दो ए किते कुदासाइ. 
देवा, गुरासु ओ ओमोचि कुदासाइ. 
ओफुतारि नो सुएनागाइ शिआवासे ओ नेगात्ते, गो-शोऽवा कुदासाइ. 
कांपाइ!

म्हणजे, मंडळी, शुभ संध्याकाळ. लग्नाबद्दल अभिनंदन. मी नवरदेवाचा मित्र अमुक, भारतातून आलो. नवरदेव नेहमीच मायाळू असतो. त्याने मला कचऱ्याचा दिवस शिकवला. दोघं मिळून भारतात या. तर मग, ग्लास हाती घ्या. दोघांच्या दीर्घकाळच्या सुखाची इच्छा धरून, माझ्यामागून म्हणा. कांपाइ.

एवढंच. यात एकही अवघड शब्द नाही, एकही लांब वाक्य नाही, आणि चिरंजीवांच्या मते हे पाठ व्हायला रिक्षातला वेळ पुरला असता. पण हे झालं भाषण. अजून टिपा यायच्या होत्या. त्या लाल शाईत, समासात, ओळींच्या मधे आणि जागा संपल्यावर मागच्या बाजूला होत्या.

पहिली टीप अवग्रहाची. जिथे ‘ऽ’ आहे तिथे स्वर आणखी एक मात्रा धरायचा, पण आवाज चढवायचा नाही. ‘ओमेदेतोऽ’ हे पाच मात्रांचं आहे आणि पाचही सारख्या लांबीच्या. मराठी माणूस पहिल्या दोन गिळतो आणि शेवटची चोथा होईपर्यंत चघळतो. सेन्सेईंनी चिरंजीवांना जेवणाच्या टेबलावर बोटाने पाच ठोके मारायला लावले. चिरंजीव घरी गेल्यावरही ठोके मारत राहिले. खालच्या मजल्यावरून निरोप आला की सुतारकाम रविवारी करावं.

दुसरी टीप ‘च़’ आणि ‘ज़’ची. खाली नुक्ता दिलाय तो मराठी माणसाने घाबरू नये म्हणून. ‘इच़ुमो’तला च म्हणजे ‘चमचा’तला, ‘चिवडा’तला नव्हे. ‘गोज़ाइमास्’मधला ज म्हणजे ‘जहाज’मधला, ‘जिना’तला नव्हे. “हे दोन्ही उच्चार आपल्याकडे जन्मापासून आहेत,” सेन्सेई सांगत. “इंग्रजीतून जपानी शिकणारा बिचारा टी आणि एस जोडून घाम गाळतो. आपण नुसता चमचा म्हणायचा.” त्यांना तसा या नात्याचा फार अभिमान. जपानी अक्षरमाला आ, का, सा, ता, ना अशी जाते, तो क्रम बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत अभ्यासातून आलेला आहे, हे ते सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात व्याह्याचं कौतुक असतं.

तिसरी टीप अनुस्वाराची. ‘कांपाइ’ असं लिहिलंय, पण म्हणायचं ‘काम्पाइ’. पुढे प किंवा ब आला की जपानी न आपोआप म होतो, आपला अनुस्वार होतो तसाच. “म्हणून मी अनुस्वारच दिला. तू नुसता मराठी वाच, जपानी आपोआप होईल.” हे वाक्य चिरंजीवांनी फारच मनावर घेतलं. त्याचा परिणाम पुढे दिसला.

चौथी टीप ‘फु’ची. ‘ओफुतारि’तला फ ओठ न मिटता, दातही न लावता, नुसती हलकी हवा सोडून. सेन्सेईंनी एक उदबत्ती पेटवून समोर धरली. धूर हलला पाहिजे, निखारा लाल होता कामा नये. चिरंजीवांनी पहिल्याच फटक्यात आपला ठणठणीत मराठी फ काढला आणि राख सेन्सेईंच्या चहात गेली. “हा फणसाचा फ झाला,” सेन्सेई म्हणाले आणि दुसरी उदबत्ती लावली.

पाचवी टीप पाय मोडण्याची. ‘देस्’, ‘गोज़ाइमास्’ हे लिहिताना शेवटी उ असतो, पण तो बोलण्यात जवळजवळ गळतो. ‘किमाश्ता’तली शि तशीच कोरडी होते. म्हणून सेन्सेईंनी ‘स’चा पाय मोडला. आईंनी तेवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, “लग्नाच्या भाषणात पाय मोडणं चालतं का यादीत?” सेन्सेई क्षणभर गप्प झाले. त्यांनी यादी खरंच पुन्हा वाचून पाहिली.

आणि मग ती सहावी टीप. तिच्याभोवती लाल चौकट होती, चौकटीला बाण होता आणि बाणाला तीन उद्गारचिन्हं होती.

‘किते कुदासाइ’ म्हणजे ‘या’. ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे ‘कापा’.

एका अर्ध्या ‘त’चा फरक. दोघं मिळून भारतात या, असं प्रेमाने सांगता सांगता जीभ त्या ‘त’वर जरा टेकली, की वर्ज्य शब्दांच्या यादीतला पहिला शब्द भर मांडवात उभा राहतो. आणि मराठी माणसाची पंचाईत अशी, की आग्रह आला की त्याचं अक्षर आपोआप दुप्पट होतं. आपण ‘या’ म्हणताना ‘य्या!’ म्हणतो, ‘नको’ म्हणताना ‘नक्को’, ‘इतकं’ म्हणताना ‘इत्तकं’. प्रेम जितकं जास्त, तितका द्वित्ताचा धोका जास्त. सेन्सेईंनी चिरंजीवांना बजावलं, “या वाक्यात आग्रह करायचा नाही. शेजाऱ्याला वर्तमानपत्र परत मागावं इतक्या थंडपणे म्हणायचं. जोर काढायचाच असेल तर ‘केक्कोन्’वर काढ, तिथे क दुप्पट हवाच आहे. तो एकेरी केलास तर लग्नच होत नाही.”

म्हणजे लग्नात द्वित्त हवं आणि निमंत्रणात नको. चिरंजीवांनी नेमकं उलटं केलं. सरावाच्या पहिल्या रात्री त्यांनी लग्न एकेरी लावलं आणि जोडप्याला भारतात बोलावून कापायला सांगितलं. दुसऱ्या रात्री लग्न जमलं, पण ‘अमुक-कुन्’च्या जागी मित्राचं नाव घालायचं राहिलं आणि त्यांनी अमुकलाच मायाळू ठरवलं. तिसऱ्या रात्री सगळं बरोबर आलं. फक्त आवाजाचा सूर अथर्वशीर्षाचा लागला. सेन्सेईंनी ते चालवून घेतलं. “सूर महिन्याभरात बदलत नाही. मात्रा बदलतात,” ते म्हणाले. याच्याइतकं समंजस वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलंय.

खरं सांगायचं तर सेन्सेईंना लोक हसतात ते टिपांच्या लांबीमुळे, पण त्यांनी कापलेलं कुणी बघत नाही. मूळ मसुद्यातली सगळी कृतज्ञता, सगळी विशेषणं, पुण्या-नागोयाचे ऋणानुबंध, मैत्रीची व्याख्या हे सगळं त्यांनी काढून टाकलं, कारण त्यातलं काहीही चिरंजीवांना निर्मळ उच्चारता येणार नव्हतं. जे तोंडात बसतं तेवढंच ठेवलं. टिपा पानभर झाल्या, भाषण मात्र नऊ ओळींच्या वर गेलं नाही. मराठी समारंभांत हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

ओळींच्या मधे लाल शाईत आणखी काही छोट्या सूचना होत्या. ‘गुरासु ओ ओमोचि कुदासाइ’ नंतर ‘(थांब)’, म्हणजे लोकांना ग्लास उचलायला वेळ मिळावा. ‘गो-शोऽवा कुदासाइ’ नंतर ‘(श्वास)’, कारण त्यानंतरचं ‘कांपाइ’ छातीभरून म्हणायचं. ते ऐकून सगळी मंडळी एका आवाजात तेच म्हणणार, घोट घेणार, ग्लास खाली ठेवून टाळ्या वाजवणार. इतकी नेमकी आखणी होती. निळं ते वाचायचं, लाल ते पाळायचं.

निघायच्या आदल्या दिवशी आईंनी कागद हरवू नये म्हणून कोपऱ्यावर जाऊन त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या. एक खिशात, एक पाकिटात, एक सुटकेसमध्ये. मूळ प्रत देवापाशी ठेवली. झेरॉक्स काळी-पांढरी होती.

आठवड्याने व्हिडिओ आला. तो बघायला सेन्सेईंच्या घरी अर्धी इमारत जमली. चिरंजीव कोट घालून उभे होते, हातात उऽरोन-चा. ‘कोंबान्वा’ उत्तम गेलं. ‘गोकेक्कोन्’मध्ये क खणखणीत दुप्पट निघाला. सेन्सेई टेबलावर ठोके मोजत होते. ‘गोमि नो हि’वर सगळं रेस्तराँ हसलं आणि नवरदेवाने तोंडावर हात ठेवला, कचऱ्याचा दिवस फळाला आला होता. मग ‘किते’ आलं. इमारतीने श्वास रोखला. चिरंजीव अगदी थंडपणे, वर्तमानपत्र परत मागावं तसे म्हणाले, “किते कुदासाइ.” एकच त. सेन्सेईंनी डोळे मिटले.

त्यानंतर चिरंजीवांनी ग्लास घ्यायला सांगितलं, मग स्पष्ट आवाजात “थांब!” म्हणाले. लोक खरंच थांबले. त्यांना वाटलं, भारतात ग्लास उचलण्याआधी म्हणायची काही पद्धत असेल. मग दोघांच्या सुखाची इच्छा झाली, माझ्यामागून म्हणा झालं, आणि चिरंजीवांनी ग्लास उंचावून, छातीभरून, आधीच्या सगळ्या सरावाला न्याय देत आरोळी ठोकली:

“श्वास!”

जपानी माणूस शिस्तीचा. मागून म्हणायला सांगितलं तर म्हणतो. सगळं रेस्तराँ एका सुरात गरजलं, “शुवाऽसु!” घोट घेतले, टाळ्या वाजवल्या, नवरीने डोळे टिपले. चिरंजीवांच्या लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने “कांपाइ” म्हटलं, आणि लोकांनी तेही मनापासून म्हटलं. दोनदा ग्लास उंचावले गेले. द्विरुक्ती झाली होती, पण कुणीही आक्षेप घेतला नाही.

आमच्याकडे हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. सेन्सेई हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ मागे नेऊन ती आरोळी परत ऐकली. म्हणाले, “श आणि व त्यांना जोडता येत नाही, म्हणून मधे उ घातला. शेवटच्या स चा पाय त्यांनी मोडला नाही. पण दीर्घ बघा! ‘वा’ पूर्ण दोन मात्रा. न शिकवता!” आणि त्यांनी उपस्थितांकडे अशा नजरेने बघितलं, की पत्रिका छापणाऱ्या तिघांनी मान खाली घातली.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण त्या जोडप्याने ‘किते कुदासाइ’ खरंच मानलं. हिवाळ्यात चिरंजीवांचं लग्न ठरलं तेव्हा नागोयाहून कळवण्यात आलं, की आम्ही येतो, आणि नवरदेवाचा मित्र म्हणून दोन शब्द मराठीत बोलायची इच्छा आहे. सोपं मराठी द्यावं, जपानी लिपीत, उच्चाराच्या टिपांसह.

सेन्सेई कामाला लागले आणि प्रथमच मराठी भाषेच्या अडचणी त्यांना बाहेरून दिसायला लागल्या. ‘वधू-वरांना’ म्हणायचं तर ‘ध’ त्यांच्याकडे नाही. ‘शुभेच्छा’त तर ‘भ’ही नाही आणि ‘च्छ’ही नाही. ‘मंगळ’ नको, कारण ळ जपानी जिभेला सापडत नाही. तो ल होतो, ल चा र होतो, आणि तेवढ्यात मुहूर्त टळतो. ‘ठ’ नाही, ‘ढ’ नाही, ‘ण’ नाही. ‘अभिनंदन’ बराच वेळ टिकून होतं, पण भि ने घात केला. एकेक शब्द लाल रेघ खाऊन बाद होत गेला, आणि वर हा प्रश्न होताच, की पुण्यातल्या कार्यालयात भाषण ऐकणार कोण? तिथे ग्लास उंचावत नाहीत. अर्धे लोक स्टेजच्या रांगेत आहेराचं पाकीट सांभाळत असतात, अर्धे पंगतीच्या दारात, आणि माईक सनईवाल्यांच्या कॅसेटपाशी अडकलेला असतो.

शेवटी सेन्सेईंनी दोन शब्दांचं भाषण तयार केलं. जपानी लिपीत ते ‘जेउन ग्या’ असं होतं: जेवून घ्या. ज इथे जिन्यातला, तो त्यांच्याकडे आहे. न ला काही अडचण नाही. फक्त ‘घ’चा ‘ग’ होतो.

मी म्हटलं, “सेन्सेई, महाप्राण गेला की हो.”

“जाऊ दे,” ते म्हणाले. “महाप्राण गेला म्हणून पुण्यात कुणी पानावरून उठत नाही.”